व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तर?

वित्त विषयाच्या वर्गाला मी गृहकर्जाचा संवेदनशीलता तक्ता करायला सांगितला होता. व्याजदर आणि मुदत बदलली की आकडे कुठे जातात, हे एका नजरेत दाखवणारा हा तक्ता. सोबत तो कसा केला याची टिप लिहायची होती. एका विद्यार्थिनीची टिप इथे मांडतो आहे, कारण कर्ज फेडणाऱ्या प्रत्येक घराला तिचा उपयोग आहे.

तिने उदाहरण घेतले ३० लाखांच्या कर्जाचे, साडेसात टक्के दराने, २० वर्षांसाठी. एक्सेलमध्ये B1 ला रक्कम, B2 ला दर, B3 ला वर्षे आणि B4 मध्ये हप्त्याचे सूत्र:

```
=PMT(B2/12,B3*12,-B1)
```

दर वार्षिक आणि हप्ता मासिक, म्हणून बाराने भागायचे. उत्तर येते २४,१६८ रुपये. मग उभ्या रकान्यात साडेसहा ते साडेनऊ टक्के दर, वरच्या ओळीत १०, १५, २० वर्षे आणि कोपऱ्यातल्या सेलमध्ये B4 चा संदर्भ. सगळा चौकोन निवडून Data Table उघडायचे, Row input cell मध्ये B3 आणि Column input cell मध्ये B2 द्यायचे. एक्सेल प्रत्येक दर आणि प्रत्येक मुदत सूत्रात घालून हप्ता भरत जाते.

"सर, साडेसात टक्के आणि २० वर्षे जिथे भेटतात तिथे २४,१६८ दिसलेच पाहिजेत," ती लिहिते. "दोन्ही संदर्भांची अदलाबदल झाली असेल, तर तिथेच कळते." सगळ्या रकान्यांत एकच आकडा दिसला, तर एक्सेलची आपोआप गणना तक्त्यांपुरती बंद असण्याची शक्यता असते, F9 दाबले की आकडे जागेवर येतात.

या तक्त्यात साडेनऊ टक्क्यांना २० वर्षांचा हप्ता २७,९६४ रुपये दिसतो, म्हणजे महिन्याला सुमारे ३,८०० रुपये जास्त. मी एवढेच मागितले होते. पण तिचा पुढचा मुद्दा मोलाचा आहे. दर वाढला की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. मग तक्त्याने हप्ता दाखवून काय उपयोग? तिने दुसरा तक्ता महिन्यांचा केला:

```
=NPER(B2/12,-B4,B1)
```

इथे एक खोच आहे. B4 मध्ये हप्त्याचे सूत्र तसेच राहिले, तर दराबरोबर हप्ताही बदलतो आणि प्रत्येक दराला उत्तर २४० महिनेच येते. म्हणून B4 मध्ये २४,१६८ हा आकडा टाइप करून गोठवावा लागतो.

गोठवल्यावरचे आकडे असे. साडेआठ टक्क्यांना मुदत २० वर्षांची २५ वर्षे होते. नऊ टक्क्यांना जवळजवळ ३०. साडेनऊला ४३ वर्षे! दहा टक्क्यांना एक्सेल #NUM! दाखवते. तो सूत्राचा दोष नाही. दहा टक्क्यांनी ३० लाखांचे एका महिन्याचे व्याजच २५,००० रुपये होते, हप्ता त्याहून कमी आहे, त्यामुळे मुद्दल घटण्याऐवजी वाढत जाते. सुमारे ९.६७ टक्क्यांना हप्ता आणि व्याज सारखे होतात. त्याच्या जवळ जाताना मुदत झपाट्याने वाढते. हप्त्याच्या शांत चढत्या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही.

असे दर वाढणे कल्पनेतले नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला आणि त्याच्याशी जोडलेली गृहकर्जे महागली. प्रत्यक्षात कर्जदाराच्या वयाची मर्यादा आड येते, म्हणून बँक ४३ वर्षे देत नाही आणि शेवटी हप्ताही वाढवावा लागतो.

तक्त्याची मर्यादाही तिने नोंदवली आहे. दर पहिल्याच दिवशी वाढला, असे तो धरतो. पाच वर्षे हप्ते भरल्यावर साधारण २६ लाख मुद्दल उरते. तेव्हा दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर उरलेली १५ वर्षे सव्वावीस वर्षांच्या आसपास जातात. ४३ वर्षांच्या मानाने हे पुष्कळ सौम्य आहे. म्हणून B1 मध्ये मूळ कर्ज न घालता आज शिल्लक असलेले मुद्दल घालावे, असे ती सुचवते आणि ते अगदी बरोबर आहे.

ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. त्यामुळे दरवाढीचे पत्र आले की बँकेकडून दोन आकडे मागून घ्या: हप्ता तोच ठेवल्यास किती महिने उरतात आणि मुदत तीच ठेवल्यास हप्ता किती होतो. मगच सही करा.