पेटीचा गांधार, तंबोऱ्याचा गांधार

चांगली जवारी लागलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून कोणीही न लावलेला गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार सबंध लांबीने थरथरते तेव्हाच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. खर्ज सेकंदाला १२० कंपनांचा असेल, तर पाचपटीचा ६०० हा तार सप्तकातला गांधार होतो. त्याच्या निम्मा, ३००, हा मध्य सप्तकातला. मध्य षड्ज २४०. म्हणजे प्रमाण ५:४.

पेटीवर याच षड्जाचा गांधार ३०२.४ वर असतो. कोणत्याही पट्टीपासून षड्ज धरता यावा म्हणून तिचं सप्तक बारा समान पायऱ्यांत कापलेलं आहे. ५:४ ची पायरी २४० पासून तीनदा चढा: ३००, ३७५, ४६८.७५. तार षड्ज ४८० ला आहे, तिथे आपण पोहोचतच नाही. ही तूट प्रत्येक गांधाराला थोडं वर सरकवून भरून काढलेली असते. गवयाचा षड्ज मैफलभर हलत नाही, त्याला ही तडजोड लागत नाही.

२२ श्रुतींच्या आज प्रचलित असलेल्या गणितात शुद्ध गांधाराला दोन जागा आहेत: ३०० आणि ३०३.७५. पेटीचा गांधार या दोन्हींच्या मधोमध कुठेतरी पडतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुतींची मोजमापं घेऊन १९१० मध्ये पुस्तक काढलं, ते याच फरकांसाठी.

पण सुमारे अडीच कंपनांचा फरक कानाला कळतो कसा? नुसते दोन सूर एकामागून एक ऐकवले तर अनेकांना तो जेमतेम कळेल. तंबोरा चालू असला की गोष्ट बदलते. पेटीच्या गांधाराचा दुप्पट उपस्वर ६०४.८ असतो, तंबोऱ्यातून ६०० येत असतो. दोघांची टक्कर होऊन आवाज सेकंदाला जवळजवळ पाच वेळा लहानमोठा होतो. या थरथरीला विस्पंद म्हणतात. आपण ‘सूर चढा आहे’ म्हणतो तेव्हा बहुधा ही थरथर ऐकलेली असते. पंचमाला हा त्रास नाही: पेटीचा पंचम ३६० ऐवजी ३५९.६ वर आहे, त्यामुळे थरथर सेकंदाला एकाहूनही कमी.

विस्पंदाची एक फेरी पुरी व्हायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. द्रुत तानेत गांधार त्याच्या आतच निघून जातो, म्हणून तिथे पेटीची साथ खटकत नाही. भूपाच्या आलापात गांधारावर न्यास केला की मात्र ती उघडी पडते. अर्थात गायकही प्रत्येक वेळी काटेकोर ३०० लावत नाही. मींडेतला, आंदोलित सूर सतत सरकत असतो, आणि तिथे हे गणित फारसं पुरत नाही.