पाटीवर काय लिहावं?

समजा पुण्यात कोथरूडमध्ये एक बाई कुत्र्यामांजरांचं ग्रूमिंग सलून काढते आहे. गाळा लहान आहे, पण आत एक टब, एक टेबल, एक मोठा ब्लोअर आणि हाताखाली एक मदतनीस एवढं सगळं ठरलेलं आहे. शिक्षण झालंय, भांडवल उभं राहिलंय. अडलंय फक्त नाव. हा धंदा जरा वेगळा असल्यामुळे ते नाव शोधताना दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट भीतीची. ज्याची सेवा होते त्याला बोलता येत नाही आणि पैसे देणारा बाहेर बसलेला असतो. आत ब्लोअरचा आवाज घुमतो, टेबलावरच्या दांड्याला गळ्यातला पट्टा अडकवलेला असतो. नख जरा जास्त कापलं गेलं तर आतली रक्तवाहिनी दुखावते आणि रक्त येतं. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला बंद पिंजऱ्यात गरम हवेनं वाळवलं तर उष्माघात होऊ शकतो. मालकाला यातलं थोडंफार ठाऊक असतं, आणि उरलेलं तो मनानं रंगवतो. त्यामुळे नाव ऐकून त्याच्या खांद्यावरचा ताण उतरायला हवा.

दुसरी गोष्ट पैशांची. कुत्र्याची आंघोळ घरीही होते, बादली, मग आणि बाथरूम साफ करायची तयारी एवढ्यावर भागतं. तरीही माणूस बाहेर पैसे देतो, कारण त्याला आपल्या जनावराचे लाड करायचे असतात. बिलाकडे पाहून त्याला खर्च आठवता कामा नये, लाड आठवले पाहिजेत.

सहज सुचणारी बरीच नावं नेमकी इथेच पडतात. कात्री, कट, क्लिप, ट्रिम यांच्याभोवती रचलेलं नाव हत्यारावर बोट ठेवतं. मराठी शब्द घ्यायला गेलं तर धोका आणखी वाढतो. ‘भादरणं’ किंवा ‘हजामत’ हे शब्द कानाला गमतीदार लागतात, पाटीवर शोभतीलही. पण मराठीत दोन्हींचा दुसरा अर्थ लुबाडणं असा आहे. बिनपाण्यानं हजामत झाली, असं आपण कुठल्या प्रसंगी म्हणतो ते आठवून पाहा. अशा नावाच्या दुकानातून दीड हजार रुपये देऊन बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी काय विनोद येईल हे वेगळं सांगायला नको, आणि तो विनोद तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारच.

मग इंग्रजी कोट्यांकडे वळावं का? पंजा आणि केसाळ कातडं यांसाठीच्या इंग्रजी शब्दांवर केलेल्या कोट्या या धंद्यात जगभर चालतात, आणि म्हणूनच त्या एकमेकींसारख्या दिसतात. महाराष्ट्रात त्यांची आणखी एक अडचण आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीमुळे कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत मराठीतून असावीच लागते, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा मोठी चालत नाहीत. मुंबईतल्या दुकानदारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयानं त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. आता स्पेलिंगवर उभी असलेली कोटी देवनागरीत लिहून पाहा. Paws हे ‘पॉज’ झालं की वाचणाऱ्याला पंजा दिसत नाही, ‘थांबा’ ऐकू येतं. Fur आणि for यांवर बेतलेलं ‘फर एव्हर’ देवनागरीत निव्वळ छापायची चूक वाटतं. पाटीवर मोठ्या अक्षरात जे दिसणार त्यातच गंमत नसेल, तर ते नाव त्या पाटीसाठी नाहीच.

‘श्वानसौंदर्य केंद्र’ देवनागरीत छान दिसतं, पण तिथे दाखला मिळेल असं वाटतं. शिवाय मांजरवाले बाहेरच राहतात. ‘केंद्र’च्या जागी ‘क्लिनिक’ बसवायचा मोह तर आवरायलाच हवा. पशुवैद्यकीय उपचार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यानं करायचे असतात. ग्रूमरच्या दारावर क्लिनिक लिहिलं, तर गिऱ्हाईक कानातला पू आणि कातडीवरचे चट्टे घेऊन येईल आणि डॉक्टरकडे जायचा वेळ इथे घालवेल.

आपल्या बाईला सुचलेलं ‘मोतीस्नान’ मला मनापासून आवडलं. मोती हे कुत्र्याचं जुनं मराठी नाव, आणि दिवाळीच्या पहाटे मोती साबण घरोघर निघतो. ऐकताच मराठी माणसाला हसू येईल. पण ती गंमत ज्या ओळखीवर उभी आहे ती ओळख दुसऱ्याची, म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरच्या साबणाची आहे. उद्या हिनं याच नावाचा कुत्र्यांचा शाम्पू बाटलीत भरला, तर तो साबणाच्याच वर्गात जाऊन बसतो. आंघोळ घालण्याचा धंदा आणि आंघोळीचा साबण यांच्यात ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणण्याइतकं अंतर नाही. मोठ्या कंपनीची नोटीस आली तर लहान दुकानाला पाटी, कार्डं, पिशव्या सगळं बदलावं लागतं. हसू येत असलं तरी हे नाव सोडावं, असं मी म्हणेन.

राहता राहिलं ‘न्हाऊमाखू’. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालतात. आजीचे पसरलेले पाय, त्यावर पालथं घातलेलं बाळ, कोमट पाणी, मग धुरी, आणि नंतर बाळाची गाढ झोप. मालक आपल्या कुत्र्याला ‘बाळा’ म्हणतच असतो, तेव्हा हे नाव त्याच्याच बोलण्यातून आल्यासारखं वाटतं. त्यात हत्यार नाही, कुत्रा की मांजर हा भेदही नाही, आणि ‘ऊ’ दोनदा आल्यानं तोंडात लाडिक होतं. काळजी आणि गंमत दोन्ही एकाच शब्दात आहेत, वेगळ्या चिकटवलेल्या नाहीत.

नाव टिकेल की नाही हे टेलिफोनवर कळतं. हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहावं: ‘हॅलो, न्हाऊमाखूतून बोलतेय, तुमचा ब्रूनो तयार आहे.’ ऐकणारा पुन्हा विचारत नाही ना, हे बघायचं. मग कोथरूडमधल्याच दहा जणांना, त्यात चार अमराठी असावेत, नाव फक्त ऐकवावं आणि मोबाइलवर शोधायला सांगावं. कुणी nhaumakhu टाइप करील, कुणी nahaumakhu, कारण हिंदी जिभेला ‘न्हा’ऐवजी ‘नहा’ सोपं. दोन स्पेलिंग्ज आली तर दोन्ही वेबपत्ते घेऊन ठेवता येतात. पाच आली तर नाव कितीही गोड असो, गिऱ्हाईक शोधताना हरवेल.

या नावाची दुबळी बाजू कायद्यात आहे. ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार जो शब्द सेवेचं नुसतं वर्णन करतो त्याला नोंदणी मिळणं अवघड असतं. न्हाऊ घालणाऱ्या दुकानाचं नाव न्हाऊमाखू असेल, तर तपासणी अधिकारी नेमका हाच आक्षेप घेऊ शकतो. उत्तर असं देता येतं की हा शब्द बाळासाठी वापरतात, कुत्र्यासाठी नाही, म्हणजे तो सूचक आहे, वर्णनात्मक नाही. आक्षेप टिकलाच तर चित्रासकट बोधचिन्ह नोंदवणं सोपं जातं, मात्र मग संरक्षण त्या एकत्रित रूपाला मिळतं, सुट्या शब्दाला तितकं नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या निगेच्या सेवा वर्ग 44 मध्ये येतात, शाम्पू वर्ग 3 मध्ये. अर्जाआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही वर्गांत शोध घ्यावा, आणि तोही उच्चारसाम्याचा पर्याय निवडून, कारण ऐकायला सारखं असणंही आड येतं. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकत घ्यायला कुणालाही चार महिने मिळतात. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते.

नाव ठरलं तरी मालकाची भीती एका शब्दानं पुरती जात नाही. उरलेलं काम पाटीवरच्या दुसऱ्या ओळीनं करायचं, आणि तिथे ‘प्रेमानं काळजी घेतो’ असं लिहून भागत नाही, कारण तसं सगळेच लिहितात. जे गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येईल ते लिहावं. ‘काचेतून सगळं दिसतं. पिंजऱ्यात वाळवत नाही.’ या दोन वाक्यांसाठी गाळ्यात काचेची भिंत घालावी लागेल आणि प्रत्येक जनावर हातानं वाळवायला जास्त वेळ द्यावा लागेल. तेवढी तयारी नसेल तर ती ओळ पाटीवर येऊ नये.

दरपत्रकावरही नावं लागतात, आणि पैसे देताना मजा वाटते की खटकतं हे बरंचसं तिथे ठरतं. साध्या आंघोळीला आणि वाळवण्याला ‘डुबकी’ म्हणावं. नखं, कान आणि विंचरणं धरून होणाऱ्या पूर्ण कामाला दुकानाचंच नाव द्यावं. दिवाळीत ‘अभ्यंग’ ठेवावं, फक्त माणसांचं सुवासिक तेल-उटणं कुत्र्याच्या कातडीला लावू नये. त्यासाठी जनावरांचा सौम्य शाम्पूच हवा. प्रत्येक नावाखाली आत काय काय आहे ते साध्या शब्दांत छापलेलं असावं.

जिथे जनावराला त्रास होतो किंवा मालकाला जादा पैसे पडतात, तिथे मात्र गंमत अजिबात नको. शित्झूच्या कानामागे आणि काखेत केसांचे घट्ट गुंते होतात. ते सोडवायला तासही जातो, कधी खालची कातडी लालभडक निघते, आणि कधी गुंता मुळापासून काढावाच लागतो. या कामाला लाडकं नाव दिलं तर बिलावर ते फसवल्यासारखं वाटेल. तिथे सरळ ‘गुंते सोडवणे, वेळेनुसार जादा आकार’ असंच लिहावं आणि काम सुरू करण्याआधी गुंते दाखवून अंदाज सांगावा.

‘समर कट’ हे नावही मी दरपत्रकावर येऊ देणार नाही. हस्की, पॉमेरेनियन, लॅब्रॅडॉर यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, बाहेरचा राठ. हे आवरण उन्हापासूनही राखतं. ते कातडीपर्यंत उतरवलं तर कुत्र्याला गार वाटेलच असं नाही, ऊन थेट कातडीला लागतं आणि केस पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते. पण कागदावर ‘समर कट’ छापलेलं दिसलं की एप्रिलमध्ये हस्कीवाला तेच मागणार. त्याऐवजी ‘मोकळा श्वास’ असं नाव देऊन त्याखाली गळणारे आतले केस विंचरून काढणं लिहिलं, तर मागणी योग्य कामाला येते.

शेवटी मोबाइल. आज बिल बहुधा क्यूआर कोडनं भागवलं जातं. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं असेल तर पैसे देताना पडद्यावर तिचं नाव, आडनाव येतं, आणि गिऱ्हाईक क्षणभर थबकून विचारतं, ‘हेच ना?’ म्हणून दुकानाच्या नावानं चालू खातं उघडावं. त्यासाठी बँक त्याच नावाचे पुरावे मागते, म्हणजे दुकाने कायद्याखालची पावती, उद्यम नोंदणी, लागू असेल तर जीएसटी. या सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः एकच हवं. एकावर nhaumakhu आणि दुसऱ्यावर nahaumakhu असेल तर खातं तिथेच अडतं, म्हणून पहिला ऑनलाइन फॉर्म भरण्याआधी स्पेलिंग कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवावं.