देवगिरीचा क्रमांक अकरावा

छत्रपती संभाजीनगरमध्ये गणिताच्या शिक्षकांबरोबर एक दुपार घालवण्याची संधी आम्हाला मिळाली होती. सुरुवातीला फळ्यावर एकच शब्द लिहिला : देवगिरी. याची चार अक्षरे आहेत – दे, व, गि, री. ती उलटसुलट मांडून जेवढे ‘शब्द’ होतील तेवढे सगळे (अर्थ असो वा नसो) शब्दकोशातल्या क्रमाने लिहिले, तर ‘देवगिरी’ कितवा येईल?

बहुतेकांनी यादी करायला घेतली. पाचेक मिनिटांत दोन उत्तरे आली. काहींचे १०, काहींचे ११. दोन्ही बाजू ठाम होत्या. त्यांच्यापैकी कोण बरोबर, हे यादी न करता ठरवता येईल का? आणि चारऐवजी सात अक्षरे असती, म्हणजे यादी ५०४० ओळींची असती, तर काय केले असते?

आधी कोशाचा क्रम म्हणजे काय ते ठरवू. आपण अक्षर हे एकक धरू, म्हणजे ‘गि’ फोडायचा नाही. वर्णमालेत ग, द, र, व असा क्रम लागतो. म्हणून आपली अक्षरे लहानापासून मोठ्यापर्यंत अशी : गि, दे, री, व.

आता यादी प्रत्यक्ष न लिहिता नुसती डोळ्यांसमोर आणा. तिचे चार सारखे गठ्ठे पडतात. पहिल्या गठ्ठ्यातले सगळे शब्द ‘गि’ने सुरू होतात, दुसऱ्यातले ‘दे’ने, मग ‘री’ने, शेवटी ‘व’ने. पहिले अक्षर ठरले की उरलेली तीन अक्षरे ३×२×१ = ६ प्रकारे मांडता येतात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात ६ शब्द. ‘देवगिरी’ दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. म्हणजे त्याच्या आधी ‘गि’चा एक पूर्ण गठ्ठा गेला : ६ शब्द.

आता ‘दे’ बाजूला ठेवू. उरली गि, री, व. ‘दे’च्या गठ्ठ्यातही दोन-दोन शब्दांचे तीन छोटे गठ्ठे आहेत. आपल्या शब्दात दुसरे अक्षर ‘व’ आहे. त्याच्याहून लहान अशी दोन अक्षरे शिल्लक आहेत, गि आणि री. म्हणजे दोन छोटे गठ्ठे, २×२ = ४ शब्द आणखी मागे पडले. आता उरली गि आणि री. तिसरे अक्षर ‘गि’. त्याच्याहून लहान काही उरले नाही, म्हणून शून्य.

एकूण ६ + ४ + ० = १० शब्द ‘देवगिरी’च्या आधी येतात. म्हणजे तो स्वतः अकरावा! दहा म्हणणाऱ्यांनी मोजणी चुकवली नव्हती. त्यांनी आपल्या पुढे रांगेत किती जण आहेत ते सांगितले, आपला नंबर सांगितला नाही.

उलट प्रश्नात हाच एकचा फरक जास्त त्रास देतो. समजा, अठरावा शब्द कोणता असे विचारले. प्रथम एक वजा करायचा, कारण गठ्ठे मोजायचे ते आधीच्या शब्दांचे. १७ मध्ये ६ चे २ गठ्ठे, बाकी ५. दोन गठ्ठे सोडले की तिसरे अक्षर ‘री’. उरली गि, दे, व. ५ मध्ये २ चे २ गठ्ठे, बाकी १. म्हणून ‘व’. उरली गि, दे. एक सोडला की ‘दे’, मग ‘गि’. उत्तर ‘रीवदेगि’. एक वजा करायला विसरलात, तर १८ ला ६ ने पूर्ण भाग जातो, तीन गठ्ठे सोडले जातात आणि हाती ‘वगिदेरी’ लागते, जो खरे तर एकोणिसावा आहे. ही चूक पकडायची सोपी रीत अशी : मिळालेल्या शब्दाचा क्रमांक पुन्हा काढून पाहायचा.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ६, २, १ या जणू स्थानांच्या किमती आहेत, जशा आपल्या नेहमीच्या संख्यांत १००, १०, १ असतात. ‘देवगिरी’साठी आपण १, २, ० हे अंक लिहिले. फरक इतकाच, की इथे पहिल्या स्थानावर जास्तीत जास्त ३, दुसऱ्यावर २ आणि तिसऱ्यावर १ हाच अंक येऊ शकतो. सगळ्यात मोठी संख्या ३×६ + २×२ + १×१ = २३. शून्यापासून २३ पर्यंतची प्रत्येक संख्या अशी एकाच प्रकारे लिहिता येते, आणि शब्दही २४ च आहेत. म्हणून दोन शब्दांना एकच क्रमांक कधी मिळत नाही आणि एकही क्रमांक रिकामा राहत नाही. फ्रेंच गणिती लेझां याने १८८८ साली या संख्यालेखनावर आणि मांडण्यांशी असलेल्या त्याच्या नात्यावर निबंध लिहिला.

पण फळ्यावर आम्ही ‘देवगिरी’ हाच शब्द का लिहिला? शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, आज आपण ज्याला दौलताबादचा किल्ला म्हणतो त्या देवगिरीवर, तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे पद ‘श्रीकरणाग्रणी’, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. संगीताचे अभ्यासक तो जाणतातच. पण त्याच्या पहिल्याच अध्यायात नेमका आपला प्रश्न आहे, फक्त अक्षरांच्या जागी स्वर आहेत.

स, रि, ग, म, प, ध, नि हे सात स्वर प्रत्येकी एकदा घेऊन ५०४० ताना होतात. त्या ठरावीक क्रमाने मांडणे म्हणजे ‘प्रस्तार’. तान दिली असता तिचा क्रमांक सांगणे हे ‘उद्दिष्ट’. क्रमांक दिला असता तान सांगणे हे ‘नष्ट’. हे शब्द छंदःशास्त्रातून आले. तिथे लघु-गुरूंच्या मांडण्यांसाठी ते आधीपासून वापरले जात. ‘नष्ट’ म्हणजे यादीतली हरवलेली ओळ, असे समजायला हरकत नाही.

यासाठी शार्ङ्गदेवाने एक कोष्टक दिले आहे, ‘खंडमेरू’. चार स्वरांपुरते ते असे :

| पहिला स्तंभ | दुसरा | तिसरा | चौथा |
|---|---|---|---|
| १ | ० | ० | ० |
| | १ | २ | ६ |
| | | ४ | १२ |
| | | | १८ |

आपल्या ओळखीच्याच संख्या! शून्य ते तीन पट ६, शून्य ते दोन पट २, शून्य किंवा १. सात स्वरांसाठी याच रीतीने आणखी तीन स्तंभ वाढवायचे. शेवटच्या स्तंभात ७२० चे पाढे येतात.

शार्ङ्गदेवाचा क्रम मात्र कोशाचा नाही, हे आधी सांगायला हवे. कोशात आपण पहिले अक्षर आधी पाहतो, तो शेवटचा स्वर आधी पाहतो. कोशात लहान अक्षर अगोदर येते, त्याच्या यादीत शेवटच्या जागी वरचा स्वर अगोदर येतो. त्यामुळे पहिली ओळ ‘स रि ग म’ आणि चोविसावी ‘म ग रि स’. जणू कोशाची यादी आरशात पाहिली आहे.

‘रि म स ग’ ही तान घेऊ. शेवटचा स्वर ग. स रि ग म या क्रमात मागून मोजले, तर म पहिला आणि ग दुसरा. म्हणून चौथ्या स्तंभात दुसऱ्या घरावर खडा ठेवायचा : ६. ग काढून टाकला. उरली ‘रि म स’. शेवटचा स. स रि म यांत मागून तो तिसरा. तिसऱ्या स्तंभात तिसऱ्या घरावर खडा : ४. उरली ‘रि म’. शेवटचा म, मागून पहिला : ०. शेवटी पहिल्या स्तंभातला १. बेरीज ६ + ४ + ० + १ = ११. ‘देवगिरी’चाच क्रमांक! आणि पहिल्या स्तंभातला तो एक पाहिलात? आमच्या वर्गात ज्याच्यावरून वाद झाला, तो शार्ङ्गदेवाने कोष्टकातच बसवून टाकला आहे.

आता दोन ठिकाणी जपायला हवे. पहिले, अक्षर पुन्हा आले तर. ‘सरसर’ घ्या. र दोनदा, स दोनदा. वरची रीत डोळे मिटून लावली, तर पहिल्या ‘स’च्या आधी दोन र म्हणून १२, पुढे ०, मग १, आणि शेवटचा १ मिळवून क्रमांक १४ येतो. पण एकूण शब्दच सहा आहेत! दोन र एकमेकांत बदलले तरी शब्द तोच राहतो, म्हणून ४×३×२×१ ला दोनदा २ ने भागावे लागते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) अंकपाश प्रकरणात हा भागाकार दिला आहे. म्हणून प्रत्येक पायरीला वेगवेगळी लहान अक्षरेच मोजायची, आणि गठ्ठ्यात खरोखर किती शब्द आहेत ते काढायचे. ‘र’ने सुरू होणारे शब्द ३. मग ‘सर’नंतर र, स उरतात. ‘स’च्या आधी ‘र’चा १. म्हणून ३ + १ + १ = ५. यादी करून ताडा : ररसस, रसरस, रससर, सररस, सरसर, ससरर.

उत्तर एकूण शब्दांपेक्षा मोठे आले की चूक लगेच दिसते. पण नेहमी असे होत नाही. ‘नवनवीन’चे (न तीनदा, व, वी) २० शब्द होतात. चुकीच्या रीतीने क्रमांक १४ येतो, जो दिसायला अगदी साळसूद आहे. खरा क्रमांक ८ आहे. तो कसा येतो, ते तुम्ही करून पाहा.

दुसरे, वर्णमालेचा क्रम. ‘वेरूळ’ कितवा? आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. म्हणून क्रम रू, वे, ळ, आणि ‘वेरूळ’ तिसरा. पण संगणकाच्या युनिकोड या संकेतावलीत ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. तिथे नुसत्या संकेतांकांनुसार क्रम लावला तर रू, ळ, वे असा लागतो आणि ‘वेरूळ’ पाचवा होतो. दोन्ही गणिते बरोबर आहेत, वर्णमाला निराळी आहे. क्ष आणि ज्ञ यांचेही तसेच. वर्णमाला म्हणताना ते शेवटी येतात, पण जोडाक्षरे मानली तर त्यांची जागा क आणि ज मध्ये. तेव्हा मुलांना असे कोडे घालताना अक्षरांचा क्रम आधी फळ्यावर लिहावा.

त्या दुपारी शेवटी एका शिक्षिकेने विचारले, “शार्ङ्गदेवाने ५०४० ओळी लिहिल्या असतील का हो?” त्याची गरजच नव्हती. सात स्तंभांतली अठ्ठावीस घरे आणि सात खडे एवढ्यावर त्याचे काम भागत होते. तुम्हीही सात स्तंभांचा खंडमेरू आखा आणि ‘नि स ध रि प ग म’ ही तान कितवी ते काढा. आम्हाला २५८४ मिळाली, पण आमच्यावर विश्वास ठेवू नका. २५८४ वरून उलट जाऊन तान परत मिळते का, ते पाहा.