कापलेल्या रजेचा हिशेब: एचआरला पत्र कसे लिहावे

रजेची शिल्लक चुकीची दिसते, तेव्हा बहुतेक वेळा कोणी जाणूनबुजून रजा कापलेली नसते. हजेरीचे यंत्र, रजेचे पोर्टल आणि पगाराची प्रणाली यांच्यात माहिती सरकताना कुठेतरी नोंद चुकलेली असते. त्यामुळे एचआरला, म्हणजे मनुष्यबळ विभागाला, जायचे पत्र तक्रारीपेक्षा हिशेब-दुरुस्तीच्या अर्जासारखे असावे. कोणत्या तारखेला काय वजा झाले, काय व्हायला हवे होते आणि कशाच्या आधारे, एवढे त्यातून कळले की एचआरमधल्या माणसाचे काम सोपे होते.

पुण्यातल्या एका खासगी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. 30 सप्टेंबर 2025 रोजी पोर्टलवर त्याची अर्जित रजा, म्हणजे सगळे जिला पीएल म्हणतात ती, 9.5 दिवस दिसते. त्याच्या अंदाजाने ती बरीच जास्त हवी. पण अंदाजावर पत्र लिहिता येत नाही. आधी हिशेब मांडावा लागतो. जानेवारीत मागच्या वर्षाची शिल्लक 6 दिवस होती. दरमहा दीड दिवस जमा होतो, म्हणजे नऊ महिन्यांचे 13.5. जुलैअखेर 4 दिवस रजा घेतली. ऑगस्ट आणि सप्टेंबरमधली वजावट धरण्यापूर्वी आकडा येतो 15.5. पोर्टलवर 9.5 दिसते, म्हणजे या दोन महिन्यांत 6 दिवस गेले. आता शोध फक्त या सहा दिवसांचा.

पोर्टलवरचा रजेचा तपशील उघडला की दोन नोंदी सापडतात. पहिली 14 ते 18 ऑगस्टची, 5 दिवसांची. कर्मचाऱ्याने गुरुवार 14 आणि सोमवार 18 अशा दोनच दिवसांचे दोन वेगळे अर्ज केले होते. मधला शुक्रवार स्वातंत्र्यदिनाचा, पुढचे दोन दिवस शनिवार-रविवार. प्रणालीने दोन्ही अर्ज जोडून मधले तीन दिवसही रजेत धरले. दुसरी नोंद 4 सप्टेंबरची, 1 दिवसाची. त्या दिवशी कर्मचारी ग्राहकाच्या कार्यालयात कामावर होता. स्वतःच्या कार्यालयात बोट टेकवले नाही म्हणून यंत्राने गैरहजेरी लावली, आणि महिनाअखेर ती आपोआप पीएलमधून वळती झाली.

पहिल्या नोंदीबाबत पत्र लिहिण्याआधी कंपनीचे रजा धोरण वाचणे अटळ आहे. रजेच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेतच मोजण्याला कार्यालयांत ‘सँडविच’ म्हणतात. काही कंपन्यांच्या धोरणात हा नियम असतो, काहींत नसतो, आणि काही ठिकाणी तो फक्त बिनपगारी रजेला लागू असतो. धोरणात तो पीएललाही स्पष्टपणे लागू असेल, तर पाच दिवसांची वजावट चूक ठरत नाही आणि तो मुद्दा पत्रातून गाळलेला बरा. एक लंगडा मुद्दा दुसऱ्या भक्कम मुद्द्यालाही खाली ओढतो. इथे धोरणात साप्ताहिक सुट्टी व सार्वजनिक सुट्टी पीएलमध्ये मोजली जाणार नाही असे म्हटले आहे. त्या कलमाचा क्रमांक पत्रात यायला हवा.

दुसऱ्या नोंदीला साक्ष लागते, आणि ती मॅनेजरची. चुकलेली हजेरी पोर्टलवरून दुरुस्त करण्याची मुदत बहुधा पगाराच्या कट-ऑफपर्यंतच असते. ती उलटली की बटणच चालत नाही, आणि म्हणून पत्राची वेळ येते. आधी मॅनेजरला दोन ओळींचा मेल करून ‘4 सप्टेंबरला कर्मचारी बाहेरच्या कामावर होता’ असे लेखी उत्तर मिळवावे आणि ते पत्राला जोडावे. हे न करता पत्र पाठवले तर एचआर तेच विचारायला मॅनेजरकडे जाते, आणि तिथे आठवडा सहज मोडतो.

आणखी एक काम पत्राआधीचे. रजेच्या तपशिलाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. दुरुस्तीनंतर पडद्यावरचे चित्र बदलते आणि आधी काय दिसत होते ते दाखवायला काही उरत नाही.

पत्राचा विषय ‘रजेबाबत’ एवढाच ठेवला तर ते ढिगात जाते. ‘पीएल शिल्लक दुरुस्ती, ऑगस्ट-सप्टेंबर 2025’ आणि पुढे कर्मचारी क्रमांक असा विषय चालतो. मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

‘30 सप्टेंबर 2025 रोजी पोर्टलवर माझी पीएल शिल्लक 9.5 दिवस दिसते. माझ्या हिशेबाने ती 13.5 दिवस असायला हवी. फरक पुढील दोन नोंदींमुळे आहे.

14 ते 18 ऑगस्ट: 5 दिवस वजा झाले आहेत. मंजूर रजा 14 व 18 ऑगस्ट अशी 2 दिवसांची होती. मधले तीन दिवस सार्वजनिक व साप्ताहिक सुट्टीचे असून रजा धोरणानुसार ते पीएलमध्ये मोजले जात नाहीत. जादा वजावट 3 दिवस.

4 सप्टेंबर: 1 दिवस वजा झाला आहे. त्या दिवशी मी ग्राहकाच्या कार्यालयात कामावर होतो. मॅनेजरांची पुष्टी सोबत जोडली आहे. जादा वजावट 1 दिवस.

कृपया 4 दिवस पीएल खात्यात परत जमा करावेत आणि सुधारित रजा नोंदीची प्रत मेलने पाठवावी. वरीलपैकी काही मान्य नसल्यास धोरणातील संबंधित कलम कळवावे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. त्यामुळे ‘सिस्टिममध्ये असेच आहे’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. ‘तुम्ही माझ्या रजा कापल्या’ असे न लिहिता ‘वजा झाले आहेत’ असे लिहिण्यामागे नुसता नम्रपणा नाही. वजावट यंत्राने केली, आणि वाचणाऱ्याला ती आपली म्हणून सावरत बसावी लागत नाही. पत्र मेलने जाते किंवा मदतकक्षाच्या तिकिटात. तिकीट असेल तर त्याचा क्रमांक जपावा, आणि प्रत मॅनेजरला द्यावी.

एखादा दिवस पीएलऐवजी बिनपगारी धरला गेला असेल, तर प्रकरण पगारापर्यंत जाते. पगारपत्रकातले भरपगारी दिवस तपासावेत. ते कमी असतील तर शिल्लक दुरुस्त होऊनही कापलेले पैसे आपोआप येत नाहीत. थकबाकी पुढच्या पगारात मिळावी, अशी वेगळी ओळ पत्रात लागते.

‘दुरुस्ती झाली’ असे उत्तर आले तरी नोंद उघडून पाहावी. जुनी नोंद बहुधा पुसली जात नाही. तिच्या विरुद्ध जमेची नवी नोंद पडते. ती कोणत्या खात्यात पडली हे पाहायचे. पीएलचे दिवस चुकून सीएलमध्ये, म्हणजे किरकोळ रजेत, जमा झाले तर बेरीज बरोबर दिसते आणि नुकसान मात्र होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाची 8 दिवसांची किरकोळ रजा न वापरल्यास वर्षअखेर बाद होते, तर वार्षिक रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. चार दिवस चुकीच्या रकान्यात राहिले तर 31 डिसेंबरनंतर ते दिसायचेच बंद होतात.

उत्तर आले नाही तर नवे पत्र लिहू नये. त्याच मेलवर किंवा त्याच तिकिटावर स्मरण द्यावे, म्हणजे पहिली तारीख कायम राहते. पुढची पायरी एचआर प्रमुखांची. तिथेही दाद लागली नाही आणि मुद्दा कायद्याने मिळणाऱ्या रजेचा असेल, तर कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करता येतो. पण धोरणाने कायद्यापेक्षा जास्त दिलेल्या रजेचा वाद तिथे तितका सरळ नसतो, शिवाय हा कायदा व्यवस्थापकीय पदावरच्या माणसांना लागू होत नाही. अशा वेळी नेमणूकपत्र, रजा धोरण आणि झालेला पत्रव्यवहार हाच आधार असतो. नोकरी सोडताना अंतिम हिशेबात साठलेल्या पीएलचे पैसे ठरतात, तेव्हाही सुधारित नोंदीची तीच प्रत पुढे ठेवता येते.