ऐंशीवर लावलेली गाडी आणि एक टक्क्याचा चढ

समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक, सरळ रस्त्यावर क्रूझ कंट्रोलचं बटण दाबलं की उजव्या पायाला सुट्टी मिळते. रस्ता अगदी सपाट असेल तर या यंत्रणेलाही फारसं काम नसतं. ॲक्सिलरेटर किती दाबायचा हे एकदा सापडलं की तो तेवढाच धरून ठेवला तरी भागतं. तिची परीक्षा घेतो तो चढ. त्यासाठी घाटच लागतो असं नाही. शंभर मीटरला एक मीटर चढणारा, काचेतून बघताना लक्षातही न येणारा रस्ता पुरेसा असतो.

माणसांसकट १,२०० किलो भरणारी एक छोटी गाडी घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाताना तिला हवा आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ३५० न्यूटनचा विरोध होतो. इंजिन चाकांना तेवढाच जोर देतं, म्हणून वेग टिकतो. वेग सेकंदाला एक मीटरने, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरने वाढला, तर विरोध सुमारे २० न्यूटनने वाढतो. कमी झाला तर तेवढाच घटतो. या २० च्या आकड्याला b म्हणू. आता ८० पासून वेग किती ढळला एवढंच मोजायचं ठरवलं, तर गाडीची सगळी कथा एका ओळीत मावते:

m dv/dt + b v = F − m g sinθ

v म्हणजे वेगातला फरक, F म्हणजे इंजिनाने दिलेला जादा जोर आणि शेवटचं पद म्हणजे चढाने मागे ओढणारं वजन. या समीकरणात वेगाच्या बदलाचा दर एकदाच येतो, म्हणून अभियंते याला पहिल्या कोटीची प्रणाली म्हणतात. F आपल्या हातात असतो, θ नसतो. तो रस्ता ठरवतो, न सांगता, आणि म्हणूनच नियंत्रणाच्या भाषेत चढ हा ‘व्यत्यय’.

ॲक्सिलरेटर आहे तिथेच ठेवून गाडी एक टक्क्याच्या चढाला लागली, तर काय होईल? चढ तिला सुमारे १२० न्यूटनने मागे ओढतो. वेग घटू लागतो, पण वेग घटला की हवेचा विरोधही घटतो, त्यामुळे घसरण हळूहळू मंदावते. १२० ला २० ने भागलं की सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी २१.६ किलोमीटर. गाडी ५८ च्या आसपास स्थिरावेल असं समीकरण सांगतं. तिथवर पोचायला लागणारा वेळ m/b या भागाकारातून कळतो: १,२०० भागिले २०, म्हणजे ६० सेकंद. हा कालस्थिरांक. पहिल्या मिनिटात एकूण घसरणीचा ६३ टक्के हिस्सा होऊन जातो आणि काटा ६६ वर आलेला असतो. खरी गाडी ५८ वर न थांबता आणखी थोडी खाली, ५० च्या वर कुठेतरी थांबेल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो आणि आपला b फक्त ८० च्या आसपास खरा आहे. मोठ्या ढळणीसाठी हे समीकरण वापरू नये. पण क्रूझ कंट्रोलचं कामच मुळी ढळू न देण्याचं असल्याने ते तिथे चांगलं चालतं.

आता यंत्रणा चालू करू. सर्वांत साधा नियम असा: वेग जितका कमी, तितका जादा जोर. सेकंदाला एक मीटरच्या तुटीमागे २८० न्यूटन. हे २८० आपल्या २० मध्ये मिळतात आणि ३०० होतात. कालस्थिरांक ६० वरून ४ सेकंदांवर येतो, आणि ढळण १२० भागिले ३००, म्हणजे ताशी जेमतेम दीड किलोमीटर. सुधारणा मोठी आहे, पण गाडी चढ संपेपर्यंत साडेअठ्ठ्याहत्तरवरच राहते, ८० वर येतच नाही. येणं शक्यही नाही. या नियमात जादा जोर तुटीमुळेच मिळतो. तूट शून्य झाली तर जोरही शून्य, आणि चढ तर समोर उभाच.

मग आकडा दहापट का वाढवू नये? कालस्थिरांक अर्ध्या सेकंदाच्याही खाली जाईल. ॲक्सिलरेटरचा हुकूम निघून चाकापर्यंत जोर पोचायलाच जवळपास तेवढा वेळ जातो. उशिरा पोचणारा जोर चुकीच्या वेळी पोचतो आणि गाडी पुढे-मागे हिसके देऊ लागते. हिसक्यांवरून आठवलं, या यंत्रणेचा जनक राल्फ टीटर लहानपणापासून अंध होता. वकिलाच्या गाडीतून जाताना तो बोलला की गाडी हळू आणि ऐकू लागला की जोरात, यावरून टीटरला ही कल्पना सुचली असं सांगतात. त्याला १९५० साली पेटंट मिळालं आणि क्रायस्लरने १९५८ च्या मॉडेलमध्ये हे यंत्र बसवलं.

उरलेला दीड किलोमीटर भरून काढायला यंत्रणेला स्मरणशक्ती द्यावी लागते. किराणा दुकानदार उधारी वहीत मांडत जातो, तशी ती क्षणोक्षणीची तूट साठवत जाते आणि त्या एकूण बेरजेच्या प्रमाणात वेगळा जोर लावते. बेरजेतला एकेक मीटर ३० न्यूटन देतो असं धरलं, तर गणित असं निघतं: चढ लागल्यावर सातव्या सेकंदाला वेग सर्वांत कमी, ७९ च्या आसपास, मग तो वर सरकतो आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा ८० होतो. आता तूट शून्य आहे, पण साठलेली बेरीज चढाचे १२० न्यूटन अचूक पेलून धरते आहे. चढाचा कोन कुणीही मोजलेला नाही, तरी यंत्रणेला तो कळला.

याची किंमत माथ्यावर मोजावी लागते. चढ संपला, पण बेरीज तशीच आहे. ती रिकामी व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी ८१ ला जाऊन येते. एक टक्क्याला हे चालून जातं. आठ टक्क्यांच्या चढावर मात्र चाकांना १,३०० न्यूटन लागतील आणि आपली गाडी टॉप गिअरमध्ये समजा हजारच देऊ शकते. वेग पडत राहतो, बेरीज फुगत राहते, इंजिन आधीच शर्थ करतं आहे. माथा आला की ही फुगलेली बेरीज गाडीला पुढे झोकून देते. यावर उपाय म्हणजे इंजिनाची मर्यादा आली की बेरीज थांबवायची. चांगल्या यंत्रणांत तो असतोच, आणि वेग फार घसरला तर बऱ्याच गाड्यांत क्रूझ आपोआप सुटतं.

उतारावर दुखणं वेगळं आहे. पाच टक्क्यांच्या उतारावर वजन गाडीला ६०० न्यूटनने पुढे ढकलतं. विरोधाचे ३५० आणि टॉप गिअरमधलं इंजिन अडवतं ते दीडशेएक वजा केले तरी १०० उरतात, आणि १०० भागिले २० म्हणजे ताशी १८ किलोमीटर. ८० वर लावलेली गाडी ९८ कडे सरकू लागते. साधं क्रूझ कंट्रोल ॲक्सिलरेटर सोडू शकतं, ब्रेक दाबू शकत नाही. त्याचा जोर शून्याच्या खाली जात नाही. ब्रेकही लावणाऱ्या नव्या यंत्रणा आहेत, पण तुमच्या गाडीत ती आहे का हे माहितीपुस्तिकेत आधी बघून घ्या. नसेल, तर घाट उतरायला लागण्यापूर्वी क्रूझ बंद करा आणि गिअर खाली घ्या.