सोमवारी काढलेली मेथी

भाजीच्या टोपलीची जाहिरात लिहायला बसलं की पहिला शब्द सुचतो ‘ताजी’. तो खोडावा. हातगाडीवरही तोच शब्द ऐकू येतो आणि त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. भाजी शेतातून कधी निघाली आणि दारात कधी येणार, हे सांगितलं की कळतं.

समजा, सासवडजवळचा एक शेतकरी गट पुण्यातल्या सोसायट्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी पोचवतो. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेथी उपटायची, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि पहाटे गाडी काढायची. दुपारी काढलेली पालेभाजी शेतातलं ऊन सोबत घेऊन येते. जुड्या एकावर एक रचल्या की आतून तापतात आणि पानं पिवळी पडतात. मटाराचं नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. शेंग तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होऊन पिष्ट वाढत जातं, आणि दाणा हिरवा दिसूनही गोड लागत नाही.

खरी अडचण टोपली थांबवण्याची आहे. ‘कधीही थांबवा’ असं लिहिणं सोपं, पण उपटलेली मेथी परत मातीत लावता येत नाही. वेळेवर कळलं तर ती दोन दिवस वाफ्यात राहू शकते. भेंडीला तेवढीही सवड नसते, दोन दिवस राहिली तर जून होते. ती तोडावीच लागते, आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला गटाला वेळ हवा असतो. म्हणून मुदत सांगावी आणि तिचं कारणही सांगावं. माझ्या मते मजकूर असा असावा:

“नमस्कार. सोमवारी संध्याकाळी सासवडला काढलेली भाजी मंगळवारी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान तुमच्या दारात येईल. टोपलीत काय असेल ते शनिवारी कळवू. शेतात जे तयार असेल तेच देऊ. गावाला चाललात? रविवारी संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर ‘मंगळवार नको’ एवढंच लिहा. पैसे पुढच्या टोपलीत वळते करू. त्यानंतर मात्र भाजी काढण्याचा हिशेब ठरलेला असतो, तेव्हा टोपली कुणा शेजाऱ्यांकडे द्यायची ते सांगा. शुक्रवारच्या टोपलीसाठी बुधवारी सहापर्यंत कळवा.”

‘नको’ म्हणायला फोन करावा लागला, कारण द्यावं लागलं, तर लोक एकदा संकोचतात आणि पुढच्या महिन्यात टोपलीच बंद करतात. म्हणून दोन शब्द पुरेत.

जाहिरातीत घरी करता येणारी एक पारखही घालावी. भेंडीचं टोक बोटाने मोडून पाहायला सांगावं. कट्‌कन तुटलं तर भेंडी कोवळी आहे. नुसतं वाकलं तर ती जून झाली आहे किंवा तोडून बरेच दिवस झाले आहेत. तशी निघाली तर बदलून देऊ, हे वाक्य गटाला खरंच पाळता येणार असेल तरच लिहावं.