बैठक संपली, आता फोन कोण करणार?

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो, असं हवामान खात्याचं वेळापत्रक सांगतं. त्यामुळे एप्रिलमध्ये अनेक सोसायट्यांच्या कमिटीत गच्चीच्या गळतीचा विषय निघतोच.

समजा, अशा एका बैठकीत तासभर चर्चा झाली आणि "कोटेशनं मागवून घेऊ," असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सचिवांना वाटलं, ठेकेदार खजिनदारांच्या ओळखीचे आहेत, तेच फोन करतील. खजिनदार मात्र सचिवांच्या पत्राची वाट बघत राहिले. मे उजाडला तरी एकही कोटेशन नाही! इथे कामचुकार कोणीच नव्हतं. काम कुणाचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

त्याच रात्री सर्व सदस्यांना असा ईमेल गेला असता तर?

विषय : गच्ची वॉटरप्रूफिंग – १५ एप्रिलच्या बैठकीतले निर्णय
तीन लेखी कोटेशनं मागवणे – सचिव, २४ एप्रिल, रात्री ८ पर्यंत.
तिन्हींचा तुलनात्मक तक्ता पाठवणे – खजिनदार, २७ एप्रिल.
ठेकेदार निवडणे – कमिटी बैठक, ३० एप्रिल.
काही चुकलं असल्यास उद्या रात्रीपर्यंत याच ईमेलवर कळवावं.

कोण काय बोललं, कुणाचा विरोध होता, यातलं काही इथे नाही. ते इतिवृत्ताच्या वहीत जातं, आणि ती वही या ईमेलमुळे सुटत नाही. पण इतिवृत्त कायम होतं पुढच्या बैठकीत. कामं तर दुसऱ्या दिवशीच सुरू व्हायला हवीत.

प्रत्येक कामापुढे एकच माणूस आहे, हे महत्त्वाचं. 'सचिव व खजिनदार' असं लिहिलं की दोघंही एकमेकांवर विसंबतात. ॲपल कंपनीत अशा एकट्या जबाबदार व्यक्तीला 'डीआरआय', म्हणजे 'डायरेक्टली रिस्पॉन्सिबल इंडिव्हिज्युअल' म्हणतात. मदतीला चार जण असले, तरी विचारायचं कुणाला हे ठाऊक असतं.

तारखा शेवटाकडून मोजत आणलेल्या बऱ्या. काम पंधरा दिवसांचं असेल आणि नंतर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून गळती तपासायची असेल, तर मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं पाहिजे. तरच गळती आढळल्यास दुरुस्तीला वेळ उरतो. 'लवकरात लवकर' या शब्दांत हा हिशेब मावत नाही.

तारीख पाळता येणार नाही, असं दिसलं की नवा ईमेल सुरू न करता त्याच ईमेलला उत्तर द्यावं, म्हणजे जुना निर्णय आणि बदल एकाखाली एक राहतात. उदाहरणार्थ, सचिव २३ तारखेला लिहितील : "तिसरे ठेकेदार २५ला गच्ची बघणार आहेत, त्यांचं कोटेशन २६ला मिळेल. तक्ता २८ला दिला तर चालेल का?" खजिनदारांनी 'हो' कळवलं, की ३०ची बैठक ठरल्याप्रमाणे होते.